लाईट चालू असताना ‘ताकदीच्या’ गोळ्या? आधी पिशवी डॉक्टरांना दाखवा



या अंकात एका कर्ज मागणीपासून सुरुवात करते. आपल्या एका गटाची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते घेतले, आणि अंतर्गत कर्जाचा विषय निघाला. गटातल्या एका मावशींच्या सूनबाई उभ्या राहिल्या. मावशींना गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन झालं होतं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचे रेडिएशन चालू होते. आपल्याकडे त्याला लाईट म्हणतात, कुणी शेक म्हणतं. एकूण ३० वेळा द्यायचे ठरले होते, सोमवार ते शुक्रवार रोज एक, म्हणजे सहा आठवडे. त्यातले ९ झाले होते. सोबत आठवड्यातून एकदा केमोचं सलाईन.

उपचार सरकारी योजनेत बसले होते, त्यामुळे कर्ज त्यासाठी नको होतं. सूनबाई म्हणाल्या, “आईंचं तोंड आतून सोलून निघालंय. घास गिळवत नाही. नात्यातल्या एकांनी ताकदीच्या गोळ्या नि ज्यूसचा कोर्स सांगितलाय. साडेचार हजार लागतील.”

सगळ्यांनी होकार दिला. मीही मान डोलावली. ताकदीची गोळीच आहे, नुकसान काय होणार, असं माझ्या मनात आलं. चूक तिथेच होती. नशिबाने गटाच्या सचिव ताईंनी एक प्रश्न विचारला, “पण लाईटवाल्या डॉक्टरांना विचारलंय का?” विचारलं नव्हतं. मग कर्ज दोन दिवस थांबवलं, आणि मी व सूनबाई औषधांची सगळी पिशवी घेऊन मावशींच्या पुढच्या लाईटला सोबत गेलो. तिथे डॉक्टरांनी जे सांगितलं, आणि नंतर मी जे वाचून समजून घेतलं, ते इथे लिहिते आहे.

पिशवीत काय होतं

डॉक्टरांनी पिशवी टेबलावर उलटी केली. एक हिरवी मऊ कॅप्सूल होती, व्हिटॅमिन ई, ४०० ची. ही आपल्या ओळखीची आहे. पुष्कळ मुली ती फोडून केसांना नि चेहऱ्याला लावतात. दुसरी गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणासाठी लिहून दिलेली अँटिऑक्सिडंट कॅप्सूल. तिच्यावर बीटा कॅरोटीन, व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, सेलेनियम अशी नावं होती. तिसरी हळदीचा अर्क आणि मिऱ्याचा अर्क एकत्र केलेली कॅप्सूल. शिवाय एक ज्यूसची बाटली, जिच्यावर घटक किती हे धड लिहिलेलंच नव्हतं. आणि या सगळ्यांत मिसळलेलं, हॉस्पिटलनेच दिलेलं दुखण्याचं पातळ औषध आणि उलटीची गोळी.

डॉक्टरांनी हॉस्पिटलची औषधं एका बाजूला ठेवली आणि बाकीच्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “लाईट संपेपर्यंत ही नकोत.” सूनबाईंचा चेहरा पडला. त्यांनी ती प्रेमानेच आणली होती. मग त्यांनी कारण विचारलं, आणि डॉक्टरांनी शांतपणे समजावलं.

लाईट नेमकं काम कसं करतो

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी बरीचशी पाण्याने भरलेली असते. रेडिएशनचा किरण पेशीत शिरला की त्यातलं पाणी फुटतं आणि अतिशय चंचल, मोकाट कण तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. हे कण क्षणभरच टिकतात, पण तेवढ्यात पेशीच्या आतल्या डीएनएला, म्हणजे पेशीने कसं वागायचं हे ज्यात साठवलेलं असतं त्या धाग्याला, तोडतात. किरण काही वेळा थेट धाग्यावरही बसतो. पण आपण वापरतो त्या क्ष-किरणांच्या उपचारात जास्त तोडफोड या मोकाट कणांमार्फतच होते.

धागा चांगल्या पेशींचाही तुटतो. म्हणूनच तोंड सोलतं, लाळ आटते, गळ्याची कातडी काळी पडते. पण चांगली पेशी रात्रीत बरीचशी दुरुस्ती करून घेते, कॅन्सरच्या पेशीला ती तितकी जमत नाही. म्हणून सगळा डोस एका दिवशी न देता रोज थोडा थोडा असा ३० दिवसांत वाटून देतात.

आता अँटिऑक्सिडंट म्हणजे काय? तर हेच मोकाट कण पकडून त्यांना शांत करणारा पदार्थ. एरवी हे चांगलंच काम आहे. पण लाईटच्या दिवसांत आपण मुद्दाम, डॉक्टरांच्या हातून, हेच कण तयार करून घेत असतो.

मला डॉक्टरांचं बोलणं ऐकताना शेतातलं गवत पेटवणं आठवलं. बांधावरचं आंब्याचं रोप वाचावं म्हणून आपण पाणी मारलं, आणि ते पाणी सगळ्या गवतावरच पडलं, तर रोप वाचेल, पण गवतही ओलं होऊन अर्धंच जळेल. गोळी पोटात गेली की ती रक्तातून सगळीकडे जाते. चांगल्या पेशीला वाचव आणि गाठीच्या पेशीला सोड, असं तिला सांगता येत नाही.

हा नुसता अंदाज आहे का?

सूनबाईंनी हाच प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, पूर्ण पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण काळजी वाटावी असे अभ्यास आहेत. त्यातला एक तर मावशींच्या केसच्या अगदी जवळचा आहे.

कॅनडा देशातल्या क्युबेक भागात डोक्याच्या व मानेच्या (म्हणजे तोंड, घसा, स्वरयंत्र अशा जागांच्या) कॅन्सरचे ५४० रुग्ण घेतले. सगळ्यांना रेडिएशन द्यायचं होतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाला रोज व्हिटॅमिन ई ४०० आणि बीटा कॅरोटीन दिलं, दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. लाईट चालू असताना आणि नंतर तीन वर्षं. मध्येच दुसऱ्या देशांतल्या अभ्यासांत बीटा कॅरोटीनने सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर वाढलेला दिसला, म्हणून इथे ते बंद केलं आणि पुढे फक्त व्हिटॅमिन ई चालू ठेवलं.

२००५ साली निकाल छापून आले. दोन्ही गोळ्या एकत्र घेणाऱ्यांना लाईटचा त्रास खरोखर कमी झाला. पण गोळ्या घेणाऱ्या गटात त्याच जागी आजार उलटण्याकडे कल जास्त दिसला, आणि गोळ्या चालू होत्या त्या काळात शरीरात दुसरा नवा कॅन्सर निघण्याचं प्रमाणही जास्त होतं. पुढची काही वर्षं लक्ष ठेवल्यावर त्या गटातले मृत्यूही जास्त निघाले.

तोंड कमी दुखलं, म्हणजे गोळी लागू पडली, असंच कुणालाही वाटेल. घरच्यांना समाधान वाटेल, विकणाऱ्याचंही खरं ठरेल. आणि आजार उलटला तर ते दोन वर्षांनी कळणार. तेव्हा त्या हिरव्या गोळीची आठवणही कुणाला राहणार नाही. म्हणून ‘आमच्याकडे अमक्याने घेतली, त्याला आराम पडला’ या एका अनुभवावर ठरवता येत नाही. त्यासाठीच असे मोठे, वर्षानुवर्षं चालणारे अभ्यास लागतात.

याच रुग्णांच्या माहितीतून २००८ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. जास्तीचं नुकसान दिसलं ते मुख्यतः लाईट चालू असतानाही सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये. न ओढणाऱ्यांत तेवढा फरक दिसला नाही. म्हणजे प्रत्येकालाच सारखा धोका आहे असं नाही. आपल्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत, मिश्री लावतात, तंबाखू दाढेला धरतात. तो अभ्यास मिश्रीचा नव्हता. पण उपचार चालू असताना मिश्री पूर्ण बंद हवी, हे त्या डॉक्टरांनी मावशींना वेगळ्याने नि कडक शब्दांत सांगितलं.

केमोचं काय?

केमोमध्ये अनेक औषधं असतात आणि प्रत्येकाची मारण्याची पद्धत वेगळी. मावशींना देत होते ते सिस्प्लॅटिन, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये देतात ते लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन, ही औषधं काही अंशी अशाच मोकाट कणांमार्फत काम करतात. काही औषधं पूर्ण वेगळ्या वाटेने जातात. त्यामुळे सगळ्या केमोला एकच नियम लावता येत नाही.

अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या केमोवर असलेल्या १,१३४ बायकांना त्या कोणत्या गोळ्या घेतात हे विचारून नोंदवून ठेवलं होतं. २०२० साली त्याचा हिशोब छापून आला. केमोच्या आधीपासून आणि केमो चालू असतानाही अँटिऑक्सिडंट गोळ्या घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. हा अभ्यास क्युबेकसारखा चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता, बायकांनी स्वतःच्या मनाने गोळ्या घेतल्या होत्या. आणि अशा गोळ्या घेणाऱ्या बायका संख्येने कमी होत्या. म्हणून तो फरक योगायोगानेही पडला असेल, ही शक्यता उरते. साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये असा फरक दिसला नाही.

थोडक्यात, गोळ्यांमुळे कॅन्सर बरा व्हायला मदत होते असं काही सिद्ध नाही, आणि उपचार बोथट होण्याची शक्यता मात्र आहे. त्रास न झाल्याचे काही छोटे अभ्यासही आहेत. पण फायदा दिसत नसताना तो धोका कशाला घ्यायचा, एवढंच डॉक्टरांचं म्हणणं असतं.

हळद-मिऱ्याच्या कॅप्सूलचं कारण आणखी वेगळं आहे. मिऱ्याचा अर्क औषधं पचवण्याच्या शरीराच्या पद्धतीत ढवळाढवळ करू शकतो. हळदीच्या अशा दाट अर्काने काही लोकांच्या यकृताला, म्हणजे लिव्हरला, इजा झाल्याचीही नोंद आहे. केमोची बरीच औषधं लिव्हरमधूनच जातात.

मग आवळा, पेरू, हळद सोडायची का?

नाही. हा प्रश्न सगळ्यांना पडतो, म्हणून नीट लिहिते. सावध राहायचं ते गोळीतल्या मोठ्या मात्रेपासून. ती हिरवी ४०० ची कॅप्सूलच बघा. तिच्यात जेवढं व्हिटॅमिन ई असतं, तेवढं शेंगदाण्यातून मिळवायचं तर दोन किलोपेक्षा जास्त दाणे एका दिवसात खावे लागतील. कुणी खातं का? भाजीतली चिमूटभर हळद, जेवणातली पालेभाजी, चटणीतले दाणे, एखादा पेरू, यात रोजच्या गरजेपुरतंच असतं.

उलट या दिवसांत खरा धोका जेवण कमी पडण्याचा आहे. तोंड दुखतं म्हणून खाणं बंद, खाणं बंद म्हणून वजन उतरतं, वजन उतरलं की लाईटचे दिवस मध्येच थांबवायची वेळ येते. आणि लाईटमध्ये खंड पडणं गाठीच्या फायद्याचं असतं. म्हणून मावशींना मऊ, गार, बिनतिखट असं सुचवलं: नाचणीची आंबील, वरणाचं पातळ, मऊ भात तूप घालून, दूध, उकडून कुस्करलेलं अंडं. आवळा आणि लिंबू तोंड सोललेलं असताना झोंबतात, एवढ्याचसाठी तेव्हा टाळायचे.

तोंडासाठी डॉक्टरांनी गुळण्या सांगितल्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा. दिवसातून अनेक वेळा थोड्या थोड्या गुळण्या करायच्या, पाणी गिळायचं नाही. जेवणाच्या आधी दुखण्याचं पातळ औषध घ्यायचं, म्हणजे घास जातो. मावशी ते औषध ‘जास्त नको’ म्हणून वाचवून ठेवत होत्या! तेही त्या दिवशीच कळलं.

सगळंच बंद करू नका

हे वाचून कुणी घरातल्या रुग्णाच्या सगळ्या गोळ्या उचलून ठेवेल, अशी मला भीती वाटते. तसं करू नका. काही व्हिटॅमिन उपचाराचाच भाग असतात. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये पेमेट्रेक्सेड नावाचं औषध देतात, त्याच्यासोबत फोलिक ॲसिडची गोळी आणि बी १२ चं इंजेक्शन द्यावंच लागतं, नाहीतर रक्ताच्या पेशी धोकादायक कमी होतात. कुणाचं रक्त तपासून लोह किंवा बी १२ कमी निघालं असेल, तर डॉक्टर ते भरून काढायला देतात. त्या अमेरिकेच्या अभ्यासात बी १२ आणि लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांचे निकालही बरे नव्हते, म्हणून या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. पण कॅन्सरच्या डॉक्टरांनी तपासून दिल्या असतील तर चालू ठेवायच्या. आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या मिळत असतील तर त्याही एकदा दाखवून घ्या.

आणि कुणी आत्तापर्यंत अशा गोळ्या घेतल्या असतील तर घाबरून जाऊ नका, लपवूही नका. डॉक्टर रागावतील म्हणून पुष्कळजण सांगतच नाहीत. कोणती गोळी, किती दिवस, रोज किती, एवढं सांगितलं की पुढचं ते ठरवतात.

पिशवी कशी न्यायची

आम्ही त्या गटात एक साधी पद्धत ठरवली. उपचार चालू असलेल्या बाईची सगळी औषधं एकाच पिशवीत राहतील: हॉस्पिटलची, गावच्या डॉक्टरांची, आयुर्वेदिक, पावडर, काढा, ज्यूस, कुणी भेट दिलेलं सुद्धा. डबा किंवा पाकीट फेकायचं नाही, कारण घटकांची नावं त्यावरच असतात. प्रत्येक तपासणीला ती पिशवी सोबत जाईल. आणि नवीन काही सुरू करायच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायच्या: हे माझ्या लाईटला किंवा केमोला चालतं का, चालत नसेल तर उपचार संपल्यावर किती दिवसांनी घेऊ शकते, आणि ज्या त्रासासाठी मी हे घेतेय त्यावर तुमच्याकडे काय आहे?

पाकिटावर व्हिटॅमिन ए, सी, ई, बीटा कॅरोटीन, सेलेनियम, लायकोपिन, ग्लुटाथिओन, कोएन्झाइम क्यू १०, हळदीचा किंवा ग्रीन टीचा अर्क यांतलं काही दिसलं, किंवा नुसतं ‘अँटिऑक्सिडंट’ असं लिहिलेलं असलं, तर ते आधी दाखवायचं. घटकच लिहिलेले नसतील तर डॉक्टरांनाही सांगता येणार नाही, असं घ्यायचंच नाही. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ असं विकणारा म्हणाला, तर त्यालाच विचारा, “सिस्प्लॅटिन चालू आहे, लिहून देता का?”

त्या कर्जाचं पुढे काय झालं

दोन दिवसांनी गटाची पुन्हा छोटी बैठक झाली. साडेचार हजार मंजूर झाले, पण कारण बदलून. उरलेल्या लाईटसाठी रोजचं जाणं-येणं, आणि दूध-अंडी. सूनबाईंनी ज्यूसची न उघडलेली बाटली परत केली. हिरव्या कॅप्सूल त्यांनी स्वतःच्या केसांसाठी ठेवल्या, तेव्हा मावशीसुद्धा हसल्या.

तोंड शेवटचे दोन आठवडे खूप दुखलं. गोळ्या थांबवल्याने ते दुखणं कमी झालं नाही, हे खोटं सांगणार नाही. पण गुळण्या, वेळेवर दुखण्याचं औषध आणि आंबील यांवर मावशींनी एकही दिवस न चुकवता तिसही लाईट पूर्ण केले. आता दर दोन महिन्यांनी तपासणीला जातात. पिशवी सोबत असते. मागच्या वेळी डॉक्टरांना त्यांनीच आठवण करून दिली म्हणे, “साहेब, आधी पिशवी बघा, मग तोंड बघा.”

तुमच्या गटात कुणाचे लाईट किंवा केमो चालू असतील, तर पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा, आणि त्यांच्याकडे पिशवी तयार आहे का ते विचारा. तपासणीला सोबत लागली तर प्रभाग संघात कळवा. मी येईन.

तुमची क्षेत्र समन्वयक